केकचा रंग आला म्हणजे केक झाला का?

दुकान सुरू केलं त्या वर्षी वाढदिवसाची एक ऑर्डर होती. अर्धा किलो, एगलेस, कंडेन्स्ड मिल्कचा केक. ओटीजी १८० डिग्रीवर. विसाव्या मिनिटाला वरून मस्त तपकिरी रंग आला, म्हणून मी लगेच काढला. संध्याकाळी फोन आला, "मध्ये कच्चा आहे." पूर्ण पैसे परत द्यावे लागले. चूक कुठे झाली?

रंग फक्त वरच्या थराचा हिशोब सांगतो. पिठातल्या आणि दुधातल्या प्रोटीनची काही प्रकारच्या साखरेशी उष्णतेत प्रक्रिया होते आणि तपकिरी रंग, खमंग वास तयार होतो. हिला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात. ती साधारण १४० डिग्रीच्या पुढे जोर धरते. शिवाय त्याहून जास्त तापमानाला नुसती साखरही कॅरमल होते. पण आत ओलावा असतो, त्यामुळे केकचा गाभा १०० डिग्रीच्या वर जातच नाही. म्हणून आतला भाग कधी तपकिरी होत नाही आणि वरच्या रंगावरून आतलं कळत नाही.

आता कंडेन्स्ड मिल्क बघा. त्यात दुधाचं प्रोटीन आहे, दुधातली साखर लॅक्टोज आहे आणि वरून घातलेली साखरही आहे. म्हणजे रंगाचं सगळं सामान हजर! असा केक आत शिजायच्या आधीच वरून रंगतो. सोडा जास्त पडला तर आणखी लवकर.

ब्रेडमध्ये उलटं होऊ शकतं. साध्या पिठाचा ब्रेड खूप वेळ फुगत ठेवला, तर यीस्ट बरीचशी साखर खाऊन टाकतं. मग ब्रेड आत पूर्ण भाजला तरी वरून फिकाच राहतो. रंगाची वाट बघत बसलात तर तो कोरडा होतो.

मग मी काय बदललं? तोच केक आता १६० डिग्रीवर, मधल्या जाळीवर ठेवतो. पहिली २५ मिनिटं दार उघडत नाही, नाहीतर केक बसतो. हवा तेवढा रंग आला की वर फॉइल सैल झाकतो. चाळिसाव्या मिनिटाला बरोबर मध्यभागी टूथपिक घालतो. ओलं पीठ लागलं तर अजून पाच मिनिटं. एक-दोन कोरडे कण लागले तर झाला. प्रोब थर्मामीटर असेल तर अजून सोपं: केकच्या मध्यभागी ९६ ते ९८ डिग्री, साध्या ब्रेडमध्ये ९३ च्या वर.

तुमचा ओटीजी वेगळा, टिन वेगळा, त्यामुळे माझी मिनिटं जशीच्या तशी घेऊ नका. पहिल्या तीन केकना वहीत दोन वेळा लिहा: रंग कधी आला आणि टूथपिक कोरडी कधी निघाली. या दोन्हींत जेवढा फरक, तेवढा वेळ फॉइल लागणार.