फोटोतली यादी आणि सात रात्रींचा स्वयंपाक

थंडीच्या दिवसांत सासूबाई आठवडाभरासाठी गंगाखेडला नणंदेकडे गेल्या. घरात काय काय आहे ते वहीच्या पानावर लिहून ओट्यावर ठेवून गेल्या: मेथी २, करडी १, गवार पाव, वांगी अर्धा, कोबी १, मटकी, बेसन, तूरडाळ, ज्वारी पीठ २. मी पानाचा फोटो काढला आणि परभणीला शाळेत, मधल्या सुट्टीत, रोज रात्री काय करायचं ते ठरवून टाकलं. सोमवारी करडीची भाजी. घरी येऊन पाहते तर जुडी कुठेच नाही. ‘करडी १’ म्हणजे तेलाचा डबा. आपल्याकडे हिवाळ्यात पालाही करडी आणि तेलही करडीच.

तेव्हा फोटो काढण्याआधी पान हातात घेऊन जिन्नस एकदा डोळ्यांखालून घाला आणि नावापुढे पाला, डाळ, तेल, किलो, जुडी असं लिहा. ‘हरभरा’ असेल तर डाळ की भाजी, तेही.

मग पिठाचा हिशोब करा. एका भाकरीला साधारण ८० ते १०० ग्रॅम पीठ लागतं. चार माणसांना दोन-दोन धरल्या तर रात्रीला पाऊण किलो. म्हणजे ‘पीठ २’ तिसऱ्या रात्रीच कमी पडतं आणि बुधवारी गिरणी गाठावी लागते. पण म्हणून सगळी ज्वारी एकदम दळून आणू नका. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि थापताना भाकरीच्या कडा चिरतात. तसं झालंच तर पीठ कढत पाण्यात मळा.

भाज्यांचा क्रम आवडीवर नाही, टिकण्यावर लावा. मेथी आल्या दिवशीच निवडून कोरड्या कपड्यात गुंडाळा. एक जुडी सोमवारी परतून, दुसरी मंगळवारी डाळ घालून. गवार बुधवारी, वांगी गुरुवारी. कोबी शनिवारपर्यंत खुशाल थांबतो, बेसन तर रविवारीही पिठल्याला तयारच.

मटकीचं मात्र उलटं मोजावं लागतं. शुक्रवारी उसळ हवी तर बुधवारी रात्री भिजवा, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा. म्हणून वेळापत्रकात ‘शुक्रवार उसळ’ एवढंच नको, बुधवारच्या ओळीत ‘मटकी भिजवणे’ हेही हवं. परभणीच्या थंडीत मोड यायला एखादा दिवस जास्त लागतो. पुरचुंडी उबेला झाकून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी उघडून मोड दिसले नाहीत तर कोबी पुढे ओढा, उसळ शनिवारी करा. पाहुणा अचानक आला तरी हलवायचं ते कोबी आणि पिठलंच. मेथी-गवारीला हात लावला तर त्या वाया जातात.