उशिरा येणारा माल आणि पुरवठादारास लिहावयाचे पत्र

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका मसाला उद्योगाकडे पुठ्ठ्याची २,००० खोकी दर सोमवारी यावयाची असतात, परंतु गेल्या आठपैकी पाच खेपा दोन ते सहा दिवस उशिरा आल्या. माल प्रत्येक वेळी उतरवून घेतला गेला आणि तक्रार फोनवरच झाली. आता पत्र कसे लिहावे, आणि मागील नुकसान मागता येईल काय?

उत्तर : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार, जेथे वेळ हा कराराचा गाभा आहे, म्हणजे ठरलेला दिवस चुकल्यास खरेदीदाराला करार रद्द करता येतो, तेथे उशिरा आलेला माल स्वीकारतानाच भरपाई मागण्याचा इरादा कळवला नसेल, तर त्या उशिराबद्दल पुढे भरपाई मागता येत नाही. ही सूचना लेखीच हवी असे कलम म्हणत नाही. मात्र फोनवर नेमके काय बोलले गेले हे सिद्ध करणे कठीण असल्याने, सोमवार हा दिवस असा गाभ्याचा ठरल्यास मागील पाच खेपांचा दावा कमकुवतच मानावा लागेल. म्हणून या पत्राचे खरे काम वसुलीचे नसून नोंदीचे आहे.

पत्रात प्रत्येक खेपेचा खरेदी आदेश क्रमांक, ठरलेली तारीख, माल पोचल्याची तारीख आणि उशिराचे दिवस एका तक्त्यात द्यावेत. येथे चलनावरची तारीख घेण्याची चूक वारंवार होते. ती बहुधा माल निघाल्याची असते, आणि पोचल्याची तारीख फाटकावरील आवक नोंदवहीतच सापडते. खोक्यावरील छपाईच्या नमुन्याला खरेदीदाराकडूनच मंजुरी उशिरा गेली असेल, तर ती खेप तक्त्यातून वगळावी, कारण अशी एक नोंद उरलेल्या चारांवरही संशय आणते.

त्यानंतर परिणाम लिहावा, तोही मोजता येईल असा : उदाहरणार्थ, एका खेपेच्या वेळी ५०० खोकी बाजारातून प्रत्येकी चार रुपये जादा देऊन घ्यावी लागली, म्हणजे २,००० रुपयांचा थेट भार पडला. ‘प्रतिष्ठेस धक्का’ यासारखे शब्द टाळावेत.

सुधारणेची मागणी ‘यापुढे काळजी घ्यावी’ एवढ्यावर सोडू नये. उशिराचे कारण, एका आठवड्याचा छापील साठा राखण्याची तयारी, उशीर होणार असल्यास ४८ तास आधी सूचना आणि जबाबदार व्यक्तीचे नाव, हे दहा दिवसांत लेखी मागावे. ‘जमेल तसे पाठवावे’ हे वाक्य मात्र कोठेही येऊ नये. त्याचा अर्थ मुदत वाढवून दिली असा लावता येतो. पुढील उशिराच्या खेपेच्या चलनावर, सही करतानाच, ‘उशिरा प्राप्त; भरपाईचा हक्क राखून स्वीकारले’ असे लिहावे.

दबाव म्हणून देयक अडवून ठेवणे धोक्याचे आहे. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादक असल्यास २००६ च्या कायद्यानुसार देयकाची मुदत लेखी ठरली असली तरी ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती ओलांडल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज खरेदीदारावरच बसते.