नॅस वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचा खर्च किती?

घरचे फोटो आणि कागदपत्रं नॅसवर असतात. पाहुण्यांचे फोन, स्मार्ट बल्ब आणि कॅमेरे त्याच वायफायवर असले, तर त्यांतल्या एखाद्यात शिरलेलं मालवेअर थेट नॅसपर्यंत पोहोचू शकतं. हे टाळायचे तीन मार्ग आहेत. किमती अंदाजे दिल्या आहेत.

खर्च शून्य : गेस्ट वायफाय

फायबर कंपनीच्या राउटरमध्ये ही सोय असेल, तर पाहुणे आणि बल्ब गेस्टवर टाका. मात्र काही राउटर नुसतं वायफायचं दुसरं नाव देतात, नेटवर्क एकच राहतं. म्हणून गेस्टवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये नॅसचा पत्ता टाकून पाहा. सिनॉलॉजीचा नॅस असेल, तर तो असा दिसतो : `http://192.168.1.20:5000`. लॉगिनचं पान उघडलं, तर वेगळेपण नाही.

दोन ते तीन हजार : दुसरा राउटर

या चाचणीत नापास झालेल्या बहुतेक घरांना हा मार्ग पुरतो. कंपनीचा राउटर आहे तसा ठेवा. त्याचं वायफाय पाहुण्यांना आणि बल्बना राहू द्या, म्हणजे बल्ब पुन्हा जोडत बसावं लागत नाही. नवा राउटर त्याच्यामागे लावा आणि नॅस, लॅपटॉप व घरचे फोन नव्यावर घ्या. उलटं करू नका. आतल्या राउटरवरून बाहेरच्या नेटवर्कवर जाता येतं, बाहेरून आत मात्र येता येत नाही. म्हणून नॅस आतच हवा.

केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्येच जायला हवी. ती लॅन पोर्टमध्ये गेली किंवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर राहिला, तर इंटरनेट बहुधा चालतं, पण दोन्ही नेटवर्क एकच होतात. नव्या राउटरचे पत्तेही वेगळे ठेवा, उदाहरणार्थ `192.168.50.1`, आणि यूपीएनपी बंद करा. नॅसचा पत्ता आता बदलेल. बाहेरच्या वायफायवरून तो नवा पत्ता उघडता कामा नये.

बाराशे-पंधराशेचा राउटर घेताना पोर्टचा वेग पाहा. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून सेकंदाला सुमारे ११ एमबी एवढीच कॉपी होते, गिगाबिट पोर्टवर शंभराच्या वर. गिगाबिटसाठीचे जास्तीचे हजार रुपये इथे वाचवू नका.

अडचण टीव्हीची. तो बाहेर राहिला, तर नॅसवरचे चित्रपट त्याला दिसत नाहीत. जेलीफिनचा `8096` हा एकच पोर्ट नव्या राउटरवरून नॅसकडे वळवता येतो, पण तो पाहुण्यांनाही दिसतो. तेव्हा पासवर्ड पक्का हवा.

बारा ते अठरा हजार : व्हीलॅन

व्हीलॅन राउटर, मॅनेज्ड स्विच आणि वेगळा ॲक्सेस पॉइंट एवढं घ्यावं लागतं. बदल्यात नॅसचा एक पोर्ट फक्त टीव्हीलाच उघडा, असा नियम लिहिता येतो. टीव्हीला नॅस रोज लागत असेल किंवा घरात बरेच कॅमेरे असतील, तरच हा खर्च करा.