सरावाआधीची कॉफी : किती, केव्हा आणि कुणी टाळावी?



पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आज जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. पहाटे मैदानावर धावणे, दिवसा काम किंवा कॉलेज आणि रात्री विहाराच्या अभ्यासिकेत वाचन, असा त्यांचा दिवस असतो. मैदानावर एकमेकांना सल्ले दिले जातात. धावण्याआधी काळी कॉफी प्यायची, एनर्जी ड्रिंकचा कॅन घ्यायचा, जिममधली ‘प्री-वर्कआउट’ पावडर पाण्यात टाकायची, म्हणजे दम लागत नाही, असे त्यांना सांगितले जाते. या तिन्ही गोष्टींत काम करणारा मुख्य पदार्थ एकच आहे, तो म्हणजे कॅफिन. त्याचा उपयोग खरोखर होतो. मात्र आपल्या समाजातल्या काही मुलांसाठी, विशेषतः सिकलसेल असलेल्यांसाठी, तो सल्ला घातक ठरू शकतो. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

कॅफिन नेमके काय करते?

शरीर काम करते तसा मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मेंदूत त्याच्या बसण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. तो तिथे बसला की आपल्याला थकवा जाणवतो, डोळे जड होतात आणि ‘आता थांब’ असे वाटू लागते. कॅफिनची घडण ॲडिनोसिनसारखी असल्यामुळे ते त्याच जागा आधी जाऊन अडवते. थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. तेवढाच वेग ठेवूनही धावणे हलके वाटते आणि माणूस थोडे अधिक जोर लावतो.

एवढे समजले की पुढचे सगळे समजते. कॅफिनमुळे अंगात रक्त वाढत नाही, दमही तयार होत नाही. शरीरात जी ताकद आधीच आहे, ती थोडी जास्त वापरू देण्याचे काम ते करते. ज्याचे शरीर निरोगी आहे त्याला याचा फायदा होतो. ज्याच्यासाठी थकव्याचा निरोप हाच जीव वाचवणारा इशारा आहे, त्याच्यासाठी तो इशारा दबणे धोक्याचे आहे.

फायदा किती?

दमाच्या खेळात, म्हणजे लांब धावणे, सायकल चालवणे अशा प्रकारांत, योग्य प्रमाणात घेतलेल्या कॅफिनमुळे साधारण २ ते ४ टक्के सुधारणा दिसते. ताकदीच्या कामात फायदा याहून थोडका असतो.

पुरुष उमेदवारांचे १६०० मीटर धावणे घेऊ. एखाद्याला ५ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे ३५० सेकंद लागतात. २ टक्के सुधारणा झाली तर ७ सेकंद वाचतील. भरतीत सेकंदावर गुण ठरतात, म्हणून ७ सेकंद कमी नाहीत. पण ज्याला याच अंतराला ७ मिनिटे लागतात, त्याची अडचण सरावाची, जेवणाची किंवा झोपेची आहे. ती कॉफीने सुटणार नाही. सगळ्यांना सारखा फायदाही होत नाही. काहींना फक्त धडधड होते आणि हात कापतात.

किती घ्यावे?

कॅफिनचे प्रमाण वजनावर ठरते. खेळाडूंवरच्या अभ्यासांत बहुतेक वेळा दर किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम दिलेले असते, आणि २ मिलिग्रॅमलाही काहींना फरक जाणवतो. नवख्याने २ पासूनच सुरुवात करावी.

५८ किलो वजनाच्या मुलाचा हिशोब असा : ५८ गुणिले २, म्हणजे ११६ मिलिग्रॅम. एक सपाट चमचा इन्स्टंट कॉफी म्हणजे सुमारे २ ग्रॅम, आणि त्यात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे अर्धा कप गरम पाण्यात दोन सपाट चमचे कॉफी त्याला पुरेशी आहे. पाकिटावर चिकोरी लिहिले आहे का ते पाहावे. चिकोरीत कॅफिन नसते, त्यामुळे ती जितकी जास्त तितके कॅफिन कमी. कटिंग चहात यापेक्षा बरेच कमी कॅफिन असते, म्हणून एका कटिंगने धावण्यात फरक पडत नाही. पण दिवसभरातले चार-पाच चहा मिळून बेरीज होते. आयसीएमआरच्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, आणि त्यात चहासुद्धा मोजायचा आहे.

एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असते, सोबत भरपूर साखर. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, असा इशारा कॅनवरच छापलेला असतो. पावडरचे मात्र सांगता येत नाही. काही पावडरींच्या एका मापात २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, आणि डब्यावर कॅफिनचा वेगळा आकडा नसेल तर आपण काय घेतो तेच कळत नाही. पाण्याशिवाय कोरी पावडर तोंडात टाकण्याचे व्हिडिओ मुले पाहतात. तसे कधीही करू नये. सुट्टी मिळणारी शुद्ध कॅफिन पावडर तर घरातही आणू नये. तिच्या एका चमच्यात दोन डझनांहून अधिक कप कॉफीइतके कॅफिन असते, आणि तेवढ्याने झटके येऊन माणूस दगावू शकतो. मैदानावर कुणी नाव नसलेली गोळी किंवा इंजेक्शन देत असेल, तर ते मुळीच घेऊ नये.

केव्हा घ्यावे?

कॉफी प्यायल्यावर कॅफिन रक्तात वाढत जाते आणि बहुतेकांत अर्ध्या ते दोन तासांच्या दरम्यान सर्वात जास्त असते. म्हणून धावण्याच्या सुमारे एक तास आधी घेणे बरे. पहाटे ६ला सराव असेल तर ५ वाजता. अगदी उपाशीपोटी घेतल्यास काहींना जळजळ होते, तेव्हा सोबत एखादे केळे खावे.

मैदानी चाचणीच्या दिवशी इथेच घोटाळा होतो. बोलावणे पहाटे ५चे असते, मग कागदपत्रे, उंची, छाती, रांग, आणि धावायला नंबर येतो ९ वाजता. मुलगा घरून ४ला कॉफी पिऊन निघालेला असतो. रांगेतच त्याची छाती धडधडते, लघवीला जावे लागते, आणि धावायच्या वेळी असर ओसरू लागलेला असतो. म्हणून हिशोब घरातून निघण्याच्या वेळेवर करू नये, धावण्याच्या वेळेवर करावा. ती वेळ सांगता येत नसेल तर त्या दिवशी कॉफीच्या भानगडीत पडूच नये. आणि सरावात दोन-तीनदा घेऊन पाहिले नसेल, तर चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नये.

दुसरी चूक संध्याकाळच्या सरावाची. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ६ला १२० मिलिग्रॅम घेतले तर रात्री ११ला जवळपास ६० मिलिग्रॅम, म्हणजे एक कप कॉफी, अंगात असतेच. झोप तुटते, पहाटे अंग जड होते, मग आणखी कॉफी लागते. कामावरून येऊन संध्याकाळी धावणाऱ्यांनी म्हणूनच ती घेऊ नये. कमावलेला दम झोपेतच पक्का होतो.

सिकलसेल असलेल्यांनी काय करावे?

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलचे रुग्ण म्हणजे ‘एसएस’ असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा कठीण सरावच करू नये. प्रश्न वाहकांचा, म्हणजे ‘एएस’ असलेल्यांचा आहे. त्यांना एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हेही माहीत नसते. वाहक मुले धावू शकतात, खेळू शकतात. पण ऊन, अंगात पाणी कमी आणि न थांबता जोर, हे तिन्ही एकत्र आले तर त्यांच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्ताची वाट अडवू शकतात. स्नायूंची नासाडी होते आणि क्वचित जीवही जातो. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूंमध्ये सरावादरम्यान असे मृत्यू झाल्यावर तिथे खेळाडूंची सिकलसेल तपासणी सुरू झाली, आणि वाहक खेळाडूंनी जास्त कॅफिनची पेये व पावडरी टाळाव्यात असे सांगितले जाऊ लागले.

कारण वर आलेच आहे. वाहक मुलाला वेळेत थांबवणारा त्याचा थकवा असतो, आणि कॅफिन तोच झाकते. कपभर चहाने काही बिघडत नाही. पण सरावाआधी कॅन, पावडर किंवा कडक कॉफी वाहकांनी घेऊ नये. सराव हळूहळू वाढवावा, दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी, पाणी पीत राहावे.

संकट ओळखायचे कसे? साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि मुलगा ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू हाताला मऊच लागतात, पण पायांतली शक्ती जाते आणि मुलगा लटपटून खाली बसतो, शुद्धीवर असतो, बोलतोही. त्याला ‘नाटक करू नको, ऊठ’ म्हणून पुन्हा धावायला लावू नये. सावलीत न्यावे, थंड करावे, पाणी द्यावे, १०८ला फोन करावा आणि वाहक असल्याचे डॉक्टरांना सांगावे. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारून भरतीच्या सरावाआधीच ती करून घ्यावी.

आणखी कुणी टाळावे?

अंगात रक्त कमी असलेल्या मुलींना धावताना लवकर दम लागतो. कॉफीने तो दम झाकला जातो. शिवाय जेवणाच्या जवळपास घेतलेला चहा-कॉफी अन्नातले लोह शरीराला नीट मिळू देत नाही, म्हणून जेवणाआधी व नंतर एक तास तो घेऊ नये. हिमोग्लोबिन तपासून आधी रक्त वाढवावे.

रक्तदाब, हृदयाचा त्रास, छातीत धडधड किंवा घाबरल्यासारखे होत असेल तर सरावाआधी कॅफिन नको. गरोदर बाईने दिवसभरात मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, कारण तिच्या अंगातून ते फार हळू निघते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईतही ते जवळपास दुप्पट वेळ टिकते. अठरा वर्षांखालील मुलांना कॅन आणि पावडर अजिबात देऊ नये.

काही बंधू विचारतात, पाचव्या शीलात हे बसते का? चहा-कॉफीने दारूसारखी शुद्ध हरपत नाही. पण त्या शीलाचा हेतू सावध राहणे हा आहे, आणि आपल्या अंगात काय चालले आहे हे कळेनासे होईल इतके काहीही घेणे त्या हेतूला सोडूनच आहे. कॉफी घेऊन धावताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पायांतला जोर गेला, तर त्याच क्षणी थांबावे. पुढची भरती पुन्हा येते.

जय भीम.