हरलेल्याचा रस्ता ड्रॉमध्येच आखलेला असतो

पोरी, यंदा अलिबागच्या ज्युदो स्पर्धेचा ड्रॉ तू काढणार आहेस, म्हणून चार गोष्टी सांगतो.

चिठ्ठ्या टाकण्याआधी मानांकन कर. समज, एका वजन गटात तेरा मुलं आहेत. सोळा घरांचा तक्ता आख आणि त्याचे अ, ब, क, ड असे चार खाने पाड. गेल्या वर्षीच्या निकालावरून पहिले चार निवड. पहिला अ-मध्ये, चौथा ब-मध्ये, दुसरा क-मध्ये, तिसरा ड-मध्ये. तीन बाय उरतात, त्या पहिल्या तिघांना दे. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढ. मुरुडच्या एकाच क्लबची दोन मुलं असली तर एक वरच्या अर्ध्यात, एक खालच्या.

हे का, ते नीट समजून घे. ज्युदोत रेपेचाज मिळतो तो फक्त उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना. त्याआधी हरला तो घरी, मग हरवणारा पुढे विजेता का होईना. दोन तगडी मुलं पहिल्याच फेरीत समोरासमोर आली, तर त्यातल्या एकाचं ब्राँझही तिथेच गेलं. चुकीच्या मानांकनाची खरी किंमत ही.

आता पुढचं. अ आणि ब खान्यांतले उपांत्यपूर्व फेरीत हरलेले दोघं आपसात लढतात, क आणि ड-मधलेही तसेच. जो जिंकतो तो ब्राँझसाठी समोरच्या अर्ध्यातल्या, उपांत्य फेरीत हरलेल्याशी लढतो. इथे हमखास चूक होते. घाईत त्याच अर्ध्यातला लावला, तर पोरगा मघाशी ज्याच्याकडून हरला त्याच्याचसमोर पुन्हा उभा राहू शकतो. म्हणून रेघ नेहमी तिरपी ओढ. ब्राँझ दोन असतात, हेही लक्षात ठेव.

या वाटेने ब्राँझ कसं मिळतं ते बघ. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ६० किलो गटात आपला विजयकुमार यादव उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ कॅट्झकडून हरला. रेपेचाजमध्ये त्याने स्कॉटलंडच्या मुन्रोला हरवलं, मग सायप्रसच्या क्रिस्टोडुलिडिसवर इप्पॉन घेऊन ब्राँझ जिंकलं.

तायक्वांदोचा नियम इथे लावू नकोस. ऑलिंपिकमध्ये तिथे अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून जे हरले त्यांनाच रेपेचाज मिळतो. त्यामुळे पहिल्या फेरीत हरलेल्यालाही, आपल्याला हरवणारा कुठवर जातो हे पाहत थांबावं लागतं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तर रेपेचाजच नसतो, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना थेट ब्राँझ.

शेवटचं. उपांत्यपूर्व फेरीत हरलेलं पोरगं रडत कपडे बदलतं आणि श्रीवर्धनची एसटी गाठायला निघतं. मग पुकारा होतो, मॅटवर कोणी नाही, आणि समोरचा न लढता पुढे जातो. म्हणून रेपेचाजच्या लढती त्याच तक्त्यावर आधीच आखून ठेव, आणि त्या चौघांपैकी प्रत्येकाला स्वतः जाऊन सांग: गी उतरवू नका, तुमची लढत बाकी आहे.