नेटवर्कची घोकंपट्टी मोडताना

हे बघ, ड्रॉपआउट लावण्याआधी नेटवर्कला एकदा खुशाल पाठांतर करू दे. एमनिस्टमधले हस्तलिखित अंक घे. त्यात शिकवण्यासाठी 60,000 चित्रं आहेत, पण तू त्यातली 1,000 च घे आणि पडताळणीसाठी आणखी 1,000 वेगळी काढ. एक चित्र 28 बाय 28, म्हणजे 784 ठिपके. मधल्या थरात 512 एकक आणि शेवटी दहा अंकांसाठी 10, एवढं छोटं नेटवर्क धरलं तरी त्यात 4,07,050 आकडे बदलता येतात. हजार चित्रांसाठी चार लाख आकडे! प्रत्येक चित्रातला एखादा भटका ठिपका ध्यानात ठेवायला एवढी जागा पुरून उरते.

दर फेरीनंतर दोन आकडे लिहीत जा, शिकवलेल्या चित्रांवरचा लॉस आणि पडताळणीचा लॉस. पहिला शून्याकडे उतरत जातो आणि दुसरा थोडा उतरून थबकतो किंवा परत चढू लागतो. ती फारकत दिसली की समज, आता नवं शिकणं थांबलं आणि घोकणं सुरू झालं. फारकतच नसेल तर पुढचे उपाय लावू नकोस.

आधी वेटवरचा दंड लाव. लॉसमध्ये सगळ्या वेट्सच्या वर्गांची बेरीज एका लहान गुणकाने गुणून मिळवायची, म्हणजे वेट जितका मोठा तितका दंड जास्त. हिशेब करून पाहा. लर्निंग रेट 0.1 आणि `weight_decay` 0.001 असेल, तर दर पायरीला प्रत्येक वेट 0.9999 ने गुणला जातो. हे नगण्य वाटतं, पण हजार पायऱ्यांनी तो सुमारे दशांशाने घटतो आणि दहा हजार पायऱ्यांनी जेमतेम 37 टक्के उरतो. ही ओढ दर पायरीला असते. शेकडो चित्रांना लागणाऱ्या वेटला ती चित्रं पुन्हा पुन्हा वर ढकलतात, म्हणून तो टिकतो. एकाच वेड्यावाकड्या सातासाठी वाढलेल्या वेटला मात्र ते चित्र समोर आलं तरच आधार मिळतो, एरवी तो झिजत राहतो.

फारकत उरलीच तर ड्रॉपआउट घे. हिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2012 मध्ये मांडला. शिकवताना प्रत्येक चित्रासाठी मधल्या थरातली काही एककं यदृच्छेने शून्य करायची. `p=0.5` असेल तर 512 पैकी साधारण 256 गप्प होतात, आणि कोणती ते दर वेळी बदलतं. त्यामुळे कुठल्याही एककाला शेजाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. पाचसहा एककांनी संगनमताने एखादं चित्र ओळखायची युक्ती बसवली, तर पुढच्या वेळी त्यातली निम्मी गायब असतात आणि युक्ती कोसळते. एकट्यानेही उपयोगी पडेल अशी खूण प्रत्येकाला शोधावी लागते. उरलेल्यांचं मूल्य दुप्पट केलं जातं, म्हणजे पुढच्या थराला मिळणारी बेरीज सरासरीने तेवढीच राहते.

```python
model = nn.Sequential(
    nn.Flatten(), nn.Linear(784, 512), nn.ReLU(),
    nn.Dropout(p=0.5), nn.Linear(512, 10))
opt = torch.optim.SGD(model.parameters(),
                      lr=0.1, weight_decay=1e-3)
```

शेवटच्या थरानंतर ड्रॉपआउट ठेवू नकोस. तिथे उत्तरच पुसलं जाईल. पायटॉर्चमध्ये `p` म्हणजे गप्प करण्याची शक्यता. 2014 च्या मूळ सविस्तर लेखात तेच अक्षर टिकवण्याच्या शक्यतेसाठी आहे, म्हणून तिथला आकडा जसाच्या तसा उचलू नकोस. आणि तपासण्याआधी `model.eval()`, पुन्हा शिकवताना `model.train()`. हे विसरलं तर तपासणीतही निम्मी एककं बंद राहतात आणि त्याच चित्राला दर वेळी निराळं उत्तर येऊ शकतं. असं उत्तर हलताना दिसलं की आधी हीच ओळ शोध.

ड्रॉपआउट लावल्यावर शिकवण्याचा लॉस पडताळणीपेक्षा जास्त दिसला तर घाबरू नकोस. पहिला अर्ध्या एककांवर मोजलेला असतो, दुसरा सगळ्यांवर. खरी तुलना हवी असेल तर शिकवलेली चित्रंही `eval` मध्ये तपास.

दोन्ही उपाय एकाच दिवशी वाढवायचे नाहीत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दंड 0.0001, 0.001, 0.01 असा दहापटीने बदल, मग ड्रॉपआउट 0.2 पासून वर ने. निवड पडताळणीच्या चित्रांवर कर. एमनिस्टची 10,000 चाचणीची चित्रं शेवटी एकदाच उघड. आणि `eval` मध्ये तपासूनही शिकवलेल्या चित्रांवरच बऱ्याच चुका होत असतील, तर दंड जास्त झालाय. तो आधी कमी कर.