पाउचला दोन ओळी, पैठणीला किती?

प्रश्न : आमचं दुकान छत्रपती संभाजीनगरात आहे. १५० रुपयांचा हिमरू पाउच आणि हातमागाची पैठणी, दोन्ही ऑनलाइन विकतो. वर्णन किती लांब लिहावं?

उत्तर : गिऱ्हाईक पैसे देण्याआधी जेवढे प्रश्न विचारेल, तेवढं वर्णन. पाउचबद्दल तो दोनच गोष्टी विचारतो: काय मावेल आणि धुता येईल का? म्हणून ‘हिमरू कापडाचा पाउच, ७ बाय ४ इंच, मोबाइल आणि चष्मा मावतो, ओल्या फडक्याने पुसा’ एवढं पुरे. इथे हिमरूचा इतिहास लिहिलात, तर माप शोधता शोधताच माणूस पुढे सरकतो.

पैठणी घेणारी बाई मात्र घरच्यांना विचारते, चार दुकानं पाहते. तिची खरी शंका एकच असते: हातमागाची की यंत्रमागाची? लांबी तिथे खर्च करा. पदराच्या उलट्या बाजूचा फोटो द्या आणि खाली लिहा, ‘पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नाहीत.’ मग रेशीम, जर खरी की टेस्टेड, ब्लाउजपीस धरून लांबी, फॉल-पिको, परतीची अट. किंमत, रंग आणि ‘हातमाग’ हे पहिल्या तीन ओळींतच हवं, कारण मोबाइलवर बाकीचं बहुधा ‘आणखी वाचा’खाली जातं.

वर्णन आखूड पडलंय, हे व्हॉट्सॲपवर कळतं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, की त्याचं उत्तर वर्णनात घाला. ‘राजेशाही’, ‘अप्रतिम’ हे शब्द आधी काढा; त्यांनी कोणत्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.